स्तर की क्लस्टर? सर्व्हेचा नमुना ठरवताना व्हेरियन्स कुठे कमी होतो, कुठे वाढतो

संख्याशास्त्राच्या परीक्षेत असो की पंचायतीच्या सर्व्हेत, स्तरित नमुना आणि क्लस्टर नमुना यांची गल्लत हमखास होते. दोन्हींत लोकसंख्येचे गट पाडायचे असतात, त्यामुळे वरवर पाहता दोन्ही एकच वाटतात. प्रत्यक्षात एकाच गावाचे तेच गट एका पद्धतीत तुमचं उत्तर नेमकं करतात आणि दुसऱ्या पद्धतीत पार बिघडवतात. नऊ घरांचा हिशोब एकदा हाताने केला की हे कायमचं लक्षात राहतं, म्हणून आधी तो करू आणि मग खऱ्या सर्व्हेकडे वळू.

उदाहरण काजूचं घेतलं आहे. सत्तरी, डिचोली, पेडणे भागात ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे, आणि काजूचं उत्पन्न जागेप्रमाणे बदलतं.

## १. आधी एक प्रश्न विचारा: नमुन्यात किती गट आले?

सर्व्हेचं वर्णन वाचलं की पहिल्यांदा हे तपासा. सगळ्या गटांतून थोडी थोडी घरं घेतली असतील तर ते गट म्हणजे स्तर. चिठ्ठ्या टाकून काहीच गट उचलले आणि बाकीच्या गटांत कोणी फिरकलंच नाही, तर ते गट म्हणजे क्लस्टर.

'गोव्यातल्या प्रत्येक तालुक्यातून ४० घरं निवडली' हा स्तरित नमुना. 'तालुक्यातल्या सगळ्या प्रभागांतून चिठ्ठीने १० प्रभाग काढले आणि त्यांतलं प्रत्येक घर विचारलं' हा क्लस्टर नमुना. 'चिठ्ठीने १० प्रभाग काढले आणि प्रत्येकात २० घरं घेतली' हा द्विस्तरीय क्लस्टर नमुना. नावात 'स्तर' आहे म्हणून याला स्तरित समजू नका, परीक्षेत गुण इथेच जातात.

गटाचं नाव पाहून ठरवायला जाल तर फसाल. वाडा, प्रभाग, शाळा, तालुका यांतलं काहीही स्तर होऊ शकतं आणि काहीही क्लस्टर होऊ शकतं. चिठ्ठी गटांवर पडली की गटाच्या आतल्या घरांवर, एवढंच बघायचं.

## २. नऊ घरांचं गाव मांडा

सत्तरीत डोंगराला टेकलेलं एक गाव धरा. वरचा वाडा डोंगराच्या उतारावर आहे, तिथे काजूच काजू. मधल्या वाड्यात थोडा काजू, थोडी भरड जमीन. खालचा वाडा नदीकाठी, तिथे कुळागरं, म्हणजे सुपारी, नारळ, केळी, आणि काजू नावापुरता. डोंगरावरून नदीपर्यंत तीन पायवाटा उतरतात आणि प्रत्येक वाटेवर तिन्ही वाड्यांतलं एकेक घर लागतं. हंगामात प्रत्येक घराला किती क्विंटल काजू बी मिळाली ते खाली दिलं आहे. आकडे हिशोबासाठी सोपे घेतले आहेत.

| | वाट १ | वाट २ | वाट ३ |
|---|---|---|---|
| वरचा वाडा | ९ | १० | ११ |
| मधला वाडा | ६ | ७ | ५ |
| खालचा वाडा | ३ | १ | २ |

गावाची खरी सरासरी ६ क्विंटल. आपल्याला ती माहीत नाही असं धरायचं आणि तीनच घरं विचारून अंदाज काढायचा.

साधी चिठ्ठी. नऊ घरांतली कुठलीही तीन. नशीब फिरलं तर तिन्ही खालच्या वाड्यातली येतील आणि सरासरी २ निघेल, किंवा तिन्ही वरची येऊन १० निघेल. शक्य असलेल्या सगळ्या ८४ नमुन्यांचा विचार केला तर अंदाजाचा व्हेरियन्स २.८३ येतो.

वाडे हे स्तर. प्रत्येक वाड्यातून चिठ्ठीने एक घर. सगळ्यांत कमी सरासरी मिळेल ती ९, ५ आणि १ आले तर, म्हणजे ५. सगळ्यांत जास्त ११, ७ आणि ३ आले तर, म्हणजे ७. काहीही करा, उत्तर ५ ते ७ च्या बाहेर जात नाही. व्हेरियन्स ०.२२.

वाडे हे क्लस्टर. चिठ्ठीने एक वाडा काढायचा आणि त्यातली तिन्ही घरं विचारायची. उत्तर १० येईल, ६ येईल किंवा २ येईल, मधलं काही नाही. व्हेरियन्स १०.६७.

तेच वाडे, तीच तीन घरांची मेहनत. साध्या चिठ्ठीच्या तुलनेत स्तरांनी व्हेरियन्स बारा-तेरा पटींनी खाली आणला आणि क्लस्टरनी जवळजवळ चौपट केला.

## ३. आता गट फिरवा

वाडे सोडा, पायवाटा गट म्हणून घ्या.

वाटा हे क्लस्टर. एक वाट काढा आणि तिच्यावरची तिन्ही घरं विचारा. वाट १ वर ९, ६, ३. वाट २ वर १०, ७, १. वाट ३ वर ११, ५, २. प्रत्येकीची बेरीज १८, सरासरी ६. चिठ्ठी कुठलीही येवो, उत्तर बरोबरच. व्हेरियन्स शून्य.

वाटा हे स्तर. प्रत्येक वाटेवरून एक घर. इथे ३, १, २ एकत्र येऊ शकतात आणि सरासरी २ निघू शकते. ९, १०, ११ येऊन १० सुद्धा निघू शकते. व्हेरियन्स ३.७८, म्हणजे साध्या चिठ्ठीच्या २.८३ पेक्षाही वाईट. स्तर पाडले की फायदाच होतो असं सरसकट लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण सोडवून बघावं. खऱ्या सर्व्हेत प्रमाणशीर स्तरांनी नुकसान क्वचितच होतं, झालं तरी किरकोळ होतं. पण अशक्य नाही.

यामागचं गणित एका ओळीचं आहे. गावातला एकूण फरक दोन भागांत वाटला जातो: गटागटांमधला आणि गटाच्या आतला. आपल्या गावात सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १०२ आहे. वाडे गट धरले तर त्यातले ९६ वाड्यावाड्यांमधले आणि फक्त ६ वाड्यांच्या आतले. वाटा गट धरल्या तर वाटांमधले शून्य आणि सगळे १०२ वाटांच्या आतले.

स्तरित नमुन्यात प्रत्येक गट हजर असतो, म्हणून गटांमधला फरक चुकीत येतच नाही. चूक होते ती फक्त गटाच्या आतल्या फरकामुळे. पूर्ण क्लस्टर नमुन्यात निवडलेल्या गटातलं प्रत्येक घर हजर असतं, म्हणून आतला फरक चुकीत येत नाही; चूक होते ती गटांमधल्या फरकामुळे. त्यामुळे स्तर हवेत आतून एकसारखे आणि एकमेकांपासून वेगळे. क्लस्टर हवेत आतून मिसळीचे आणि एकमेकांसारखे.

## ४. मग क्लस्टर घ्यायचेच कशाला?

कारण खऱ्या गावात कोणी वाटा आखून देत नाही. प्रशासनाचे आणि भूगोलाचे गट आपल्या वाड्यांसारखेच असतात: शेजारी शेजाऱ्यासारखा, माती तीच, धंदा तोच, बहुतेकदा समाजही तोच. म्हणून जागेवर आधारलेले क्लस्टर घेतले की तेवढ्याच घरांच्या साध्या चिठ्ठीपेक्षा व्हेरियन्स जवळपास नेहमीच वाढतो.

याला अपवाद आहेत. लोकसंख्येतलं स्त्रियांचं प्रमाण काढायचं असेल आणि क्लस्टर म्हणून घरच घेतलं, तर व्हेरियन्स साध्या चिठ्ठीपेक्षा कमी होऊ शकतो, कारण बहुतेक घरांत दोघंही असतात. घर आतून मिसळीचं आहे. पण त्याच घरांत तुम्ही 'घरात नळ आहे का' असं विचारलं तर घरातल्या सगळ्यांचं उत्तर एकच येणार, आणि पाच माणसं विचारूनही माहिती एकाचीच मिळाली. क्लस्टर चांगला की वाईट हे प्रश्नावर अवलंबून असतं.

क्लस्टर घेतात ते खर्चासाठी आणि यादीसाठी. अख्ख्या तालुक्यातल्या घरांची ताजी यादी सहसा मिळत नाही. प्रभागांची यादी मिळते. निवडलेल्या प्रभागात जाऊन घरांची यादी स्वतः करता येते. आणि चिठ्ठीने विखुरलेली ४०० घरं गाठायला जीप जेवढी फिरवावी लागेल, तेवढ्या पैशांत क्लस्टर पद्धतीने कितीतरी जास्त घरं होतात. म्हणजे क्लस्टर दर घरामागे तोट्याचा, पण दर रुपयामागे बऱ्याचदा फायद्याचा.

## ५. तोटा किती, ते आधीच मोजा

एका क्लस्टरमधून m घरं घेणार असाल, आणि एकाच क्लस्टरमधली घरं एकमेकांसारखी असण्याचं माप ρ (रो) असेल, तर साध्या चिठ्ठीच्या तुलनेत व्हेरियन्स अंदाजे इतक्या पटींनी वाढतो:

```
deff = 1 + (m - 1) * ρ
```

याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. ४०० घरांचा सर्व्हे धरा आणि ρ = ०.०५, म्हणजे फार मोठा नाही.

२० प्रभाग, प्रत्येकी २० घरं: डिझाइन इफेक्ट १.९५. तुमची ४०० घरं साध्या चिठ्ठीच्या सुमारे २०५ घरांइतकीच माहिती देतात. ४० प्रभाग, प्रत्येकी १० घरं घेतलीत तर १.४५, म्हणजे सुमारे २७६ घरांची किंमत. उलट ५ प्रभागांत प्रत्येकी ८० घरं केलीत तर ४.९५, आणि ४०० घरांचं मोल उरतं ८१. नवखे लोक इथेच आपटतात: पाच प्रभागांत भरपूर घरं केली की नमुना मोठा झाला असं वाटतं. क्लस्टरच्या आत घरं वाढवून फारसं काही हाती लागत नाही, क्लस्टरची संख्या वाढवावी लागते.

काजूसारख्या जमिनीशी बांधलेल्या प्रश्नात ρ मोठा असतो. तो ०.२ धरला तर त्याच २० × २० च्या सर्व्हेचा डिझाइन इफेक्ट ४.८ होतो. त्याच घरांत मुलांची संख्या विचारली तर ρ बराच लहान निघेल. सर्व्हे एक असला तरी प्रत्येक प्रश्नाचा डिझाइन इफेक्ट वेगळा असतो, म्हणून नमुना ठरवताना तुमच्या मुख्य प्रश्नाचा ρ धरा. तो कुठून आणायचा? तशाच विषयाच्या जुन्या सर्व्हेतून, नाहीतर चार-सहा प्रभागांत छोटी चाचणी करून. चाचणीतून आलेला ρ डळमळीत असतो, तेव्हा थोडा जास्तच धरलेला बरा.

एका क्लस्टरमध्ये किती घरं घ्यायची याचंही सूत्र आहे. एका प्रभागात पोचायचा आणि घरयादी करायचा खर्च C, आणि एका मुलाखतीचा खर्च c असेल तर:

```
m = sqrt( (C / c) * (1 - ρ) / ρ )
```

प्रभागाला २००० रुपये आणि मुलाखतीला १०० रुपये धरले, तर ρ = ०.०५ असताना १९-२० घरं येतात आणि ρ = ०.२ असताना सुमारे ९. काजूसाठी दर प्रभागात ९ पुरेत, बाकीचा पैसा जास्त प्रभागांवर घाला.

## ६. दोन्ही एकत्र वापरा

यातलं एकच निवडायला हवं असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारखे मोठे सर्व्हे दोन्ही वापरतात: आधी गावं किंवा शहरी गणना विभाग यांचे स्तर पाडायचे, प्रत्येक स्तरातून काही क्लस्टर काढायचे आणि निवडलेल्या क्लस्टरमध्ये घरयादी करून ठरावीक घरं घ्यायची. त्याच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीत एका क्लस्टरमधून २२ घरं घेतली होती.

आपल्या काजू सर्व्हेत असं करा: प्रभागांची यादी घ्या आणि प्रत्येकाला डोंगराळ, मधला किंवा नदीकाठचा अशी खूण करा. हे तीन स्तर. प्रत्येक स्तरातून चिठ्ठीने प्रभाग काढा आणि प्रत्येक प्रभागात ९ घरं. क्लस्टर पद्धतीत चुकीत येतो तो प्रभागाप्रभागांमधला फरक, आणि त्यातला मोठा वाटा स्तरांनी आधीच बाजूला काढला. स्तर पाडायला पैसे लागत नाहीत, एक दुपार आणि नकाशा लागतो. खुणा थोड्या चुकल्या तरी अंदाज एकांगी होत नाही, फक्त फायदा कमी होतो.

स्तरांत घरं कशी वाटायची? प्रमाणात वाटणं सुरक्षित. पण एका स्तरात फरक फार मोठा असेल तर तिथे जास्त घरं द्यावीत. नेमान यांनी १९३४ साली मांडलेला नियम असा: स्तरातल्या घरांची संख्या गुणिले त्या स्तरातलं प्रमाण विचलन, या गुणाकाराच्या प्रमाणात वाटा. मोठ्या बागायतदारांची १०० घरं, विचलन ९. लहान बागा असलेली ४०० घरं, विचलन १. नमुना ५० घरांचा, आणि स्तराच्या आत साधी चिठ्ठी. प्रमाणात वाटलं तर १० आणि ४०, व्हेरियन्स ०.३४. नियमाप्रमाणे वाटलं तर ३५ आणि १५, व्हेरियन्स सुमारे ०.१४. (लोकसंख्या मर्यादित असल्याची दुरुस्ती दोन्हीकडे सोडली आहे.)

असं असमान वाटलंत तर सरासरी काढताना प्रत्येक घराला भार द्यावाच लागतो. नाहीतर ५० पैकी ३५ घरं मोठ्या बागायतदारांची, आणि गावाची सरासरी कागदावर भलतीच श्रीमंत दिसते.

## ७. निघण्यापूर्वी हाताशी काय हवं

- प्रभागांची यादी आणि प्रत्येकातल्या घरांची अंदाजे संख्या. जनगणनेची गावनिहाय आकडेवारी चालते. वाडा हे लोकांच्या तोंडचं नाव आहे, त्याची हद्द दोन माणसं दोन ठिकाणी दाखवतात. क्लस्टर म्हणून कागदावर हद्द असलेला प्रभागच घ्या.
- निवडलेल्या प्रभागांची ताजी घरयादी, स्वतः फिरून केलेली. मतदार यादीत भाड्याच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय मजूर नसतात, आणि घरपट्टीच्या नोंदीत वर्षानुवर्षं बंद असलेली घरं असतात.
- चिठ्ठी कशी टाकली त्याची नोंद: यादीतला क्रमांक, निवडीची शक्यता, भार.
- बंद घरांचा नियम लेखी. गोव्यात कुलूप लावून परदेशी किंवा मुंबईला गेलेली घरं बरीच सापडतात. कोणीच राहत नाही ते घर यादीतूनच वगळायचं. माणसं राहतात पण आज भेटली नाहीत, तिथे पुन्हा जायचं. शेजारचं घर बदली घ्यायचं नाही. दिवसा घरी सापडणारे आणि बागेत गेलेले यांच्या काजूत फरक असतो, आणि ही चूक नमुना मोठा करून जात नाही.

## ८. हिशोब करताना सर्व्हे जसा केला तसाच सांगा

सगळं नीट करून शेवटी स्प्रेडशीटमध्ये साधं प्रमाण विचलन भागिले वर्गमूळ n केलं की मेहनत वाया जाते. क्लस्टर असताना अशी काढलेली प्रमाण त्रुटी खऱ्यापेक्षा लहान दिसते आणि नसलेला फरक 'सिद्ध' होऊन बसतो. आर मधल्या `survey` पॅकेजला स्तर, क्लस्टर आणि भार तिन्ही सांगा:

```r
library(survey)
d <- svydesign(ids = ~prabhag, strata = ~star,
               weights = ~bhar, data = kaju, nest = TRUE)
svymean(~bi_kg, d, deff = TRUE)
```

`deff = TRUE` मुळे प्रत्यक्ष डिझाइन इफेक्ट छापून येतो. ठरवताना धरलेल्या आकड्याशी तो ताडून बघा. एकच्या आसपास आला तर एक तर स्तरांनी चांगलं काम केलं, नाहीतर `ids` मध्ये प्रभागाऐवजी घराचा क्रमांक गेला आहे. दुसरी शक्यता आधी तपासा. फारच मोठा आला तर भार बघा. दोन-चार घरांना प्रचंड भार गेला तरी असं होतं.

`has only one PSU` असा निरोप आला तर त्या स्तरातून एकच प्रभाग घेतला गेला आहे. एका प्रभागावरून प्रभागांमधला फरक काढता येत नाही. `options(survey.lonely.psu = "adjust")` लिहून गाडी पुढे ढकलता येते, पण ते तात्पुरतं ठिगळ आहे. नमुना ठरवतानाच प्रत्येक स्तरातून किमान दोन प्रभाग घ्या. तेवढे प्रभाग परवडत नसतील तर स्तर कमी करा: मधला आणि नदीकाठचा एकत्र करा, डोंगराळ वेगळा ठेवा.